कंपनीचा मेडिक्लेम १ एप्रिलपासून बदलतोय: कामगारांसाठीच्या नोटिशीचा मसुदा वाचून द्याल का?

वृंदा_अंबड

नमस्कार. आमचा कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. येत्या १ एप्रिलपासून आमच्या गट आरोग्य विम्याची कंपनी बदलतेय आणि तिच्यासोबत टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्थासुद्धा. ब्रोकरने इंग्रजीत लांबलचक पत्रक पाठवलंय. फलकावर लावायची आणि ग्रुपवर टाकायची मराठी नोटीस मी लिहायची आहे. ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे ते ईएसआयसीत येतात, त्यामुळे ही पॉलिसी त्यावरच्या पगारवाल्यांसाठी आहे. कामगारांना ३ लाखांचं कव्हर, सुपरवायझर आणि ऑफिसला ५ लाखांचं. नवरा-बायको, दोन मुलं आणि आईवडील.

नोटीस लावली की लोक एकदा वाचतात आणि मग रात्री दीड वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवरून फोन करतात. तसा फोन करायची वेळ कुणावर येऊ नये एवढीच माझी इच्छा आहे. मसुदा असा:

"सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, दि. १ एप्रिलपासून आपल्या गट आरोग्य विम्याचे काम नवीन विमा कंपनीकडे देण्यात आले आहे. विम्याची रक्कम पूर्वीइतकीच राहील. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का व अतिदक्षता विभागासाठी २ टक्के राहील. आईवडिलांच्या क्लेमवर १० टक्के को-पे, म्हणजे स्वतः भरावयाचा वाटा, लागू होईल. प्रसूतीची मर्यादा पूर्वीप्रमाणे. कॅशलेस सुविधा नवीन कंपनीच्या नेटवर्क हॉस्पिटलमध्येच मिळेल, यादी अॅपवर पाहावी. नेटवर्कबाहेर उपचार घेतल्यास बिले सादर करून परतफेड मिळेल. जुने कार्ड १ एप्रिलपासून रद्द समजावे."

काय राहिलंय, काय चुकीचं समजलं जाईल, मोकळेपणाने सांगा.

देशमुख६२

वृंदाताई, कंपनी बदलायची तर पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी द्यावा लागतो. मी माझी पॉलिसी तशीच बदलली, मधुमेहाचा पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ नव्या कंपनीने मान्य केला. तुमच्या कामगारांनी अर्ज दिलेत का? आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा आईवडिलांच्या हप्त्यावर कर कापत असाल तर थांबवा.

अनघा_पुणे

देशमुखकाका, तुम्ही सांगताय ते वैयक्तिक पॉलिसीचं. इथे पॉलिसी कारखान्याच्या नावावर आहे, कामगार फक्त यादीतली नावं आहेत. त्यांनी अर्ज करायचा नाही, कारखानाच करार बदलतो. जीएसटीची सूटही वैयक्तिक पॉलिसींना आहे, गट पॉलिसीवर १८ टक्के अजून लागतोच.

वृंदा, मी आधी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स काउंटरवर आणि नंतर बरीच वर्षं टीपीएमध्ये क्लेम बघितलेत. तुमचा मसुदा खोटा नाही, पण त्यातली दोन वाक्यं माणसाला अडचणीत आणतील.

पहिलं वाक्य, "जुने कार्ड १ एप्रिलपासून रद्द". ३० मार्चला भरती झालेला आणि ३ एप्रिलला डिस्चार्ज मिळणारा माणूस काय करील? नवं कार्ड दाखवील. नवी कंपनी म्हणेल, भरती आमच्या आधीची आहे. गट पॉलिसीत सर्वसाधारणपणे भरतीची तारीख बघतात. ती ३१ मार्चपर्यंतची असेल तर अख्खा क्लेम जुन्या कंपनीकडे जातो आणि डिस्चार्जनंतरच्या ठरलेल्या दिवसांतली औषधं, तपासण्यासुद्धा तिथेच. हे दिवस बऱ्याच गट पॉलिसींत ६० असतात. म्हणजे जुनं कार्ड मेपर्यंत, काहींना जूनपर्यंत लागेल. त्यात जुन्या टीपीएचं अॅप पॉलिसी संपली की लॉगिन देईनासं होतं. म्हणून आत्ताच सगळ्यांना जुनं ई-कार्ड मोबाइलमध्ये उतरवून ठेवायला सांगा. आणि "भरतीची तारीख धरली जाईल" हे ब्रोकरकडून दोन्ही कंपन्यांच्या वतीने ईमेलवर घ्या, तोंडी नको.

दुसरं वाक्य खोलीभाड्याचं. त्यावर सविस्तर लिहावं लागेल, रात्री लिहिते.

पांडुरंग_सातपूर

एक गोष्ट कुणी बोललं नाही. जानेवारी २०२४ पासून कॅशलेस सगळीकडे झालंय. आता नेटवर्क बिटवर्क काही उरलं नाही, कुठल्याही दवाखान्यात कार्ड चालतं. नोटिशीत नेटवर्कची भीती कशाला घालायची?

डॉ_सिन्नर

पांडुरंगराव, माझं तीस खाटांचं हॉस्पिटल आहे, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. २५ जानेवारी २०२४ ला जनरल इन्शुरन्स कौन्सिलने "कॅशलेस एव्हरीव्हेअर" जाहीर केलं हे बरोबर. पण त्यात अटी आहेत. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवायचं, तातडीची भरती असेल तर भरतीनंतर ४८ तासांच्या आत. क्लेम पॉलिसीत बसणारा हवा. आणि मुख्य म्हणजे हॉस्पिटल तयार हवं. माझा ज्या कंपनीशी दराचा करार नाही तिने माझं बिल कापलं तर फरक कुणाकडून घ्यायचा हे ठरलेलं नसतं, आणि पैसे कधी येतील तेही. त्यामुळे मी बहुतेक वेळा नकार देतो. तालुक्याच्या गावात हेच चित्र आहे. रात्री अपघाताचा पेशंट घेऊन येणाऱ्या माणसाला मी "आधी डिपॉझिट भरा" म्हटलं तर त्याने सगळीकडे कार्ड चालतं असं वाचलेलं असणं त्याच्या काही कामाचं नाही.

पांडुरंग_सातपूर

४८ तासांचं मला ठाऊक नव्हतं. पण डॉक्टर, मग ही यादी तरी खरी असते का? आमच्या मागच्या पॉलिसीत यादीत नाव होतं आणि काउंटरवर सांगितलं की आमचा करार संपलाय.

अनघा_पुणे

असं होतं, कारण यादी टीपीएच्या अॅपवर उशिरा बदलते. वृंदा, "यादी अॅपवर पाहावी" एवढ्यावर सोडू नका. तुमच्या लोकांचे मागच्या दोन-तीन वर्षांतले क्लेम कुठल्या हॉस्पिटलांत झाले, ते जुन्या टीपीएच्या क्लेम अहवालात मिळेल. त्यातली जास्त वापरातली पंधरा-वीस निवडा आणि प्रत्येक ठिकाणी इन्शुरन्स काउंटरला फोन करून नव्या विमा कंपनीचं आणि टीपीएचं, दोघांचीही नावं घेऊन विचारा. नुसतं टीपीएचं नाव घेतलं तर "हो" म्हणतात, आणि नंतर कळतं की त्या टीपीएची दुसरी कंपनी चालते, तुमची नाही. एकाच नावाच्या दोन शाखा असतील तर शाखेचा पत्ताही विचारा. एक शाखा नेटवर्कमध्ये आणि दुसरी बाहेर हे नेहमीचं आहे.

आणि एक वगळलेल्या हॉस्पिटलांची यादी असते, ती वेगळी. नेटवर्कबाहेरचं हॉस्पिटल म्हणजे फक्त कॅशलेस नाही, पैसे परत मिळतात. वगळलेल्या हॉस्पिटलात परतफेडही मिळत नाही. जीव धोक्यात असेल किंवा अपघात असेल तरच, आणि तेही पेशंट स्थिर होईपर्यंतचा खर्च. ही यादी विमा कंपनीच्या संकेतस्थळावर असते. तुमच्या मसुद्यातलं "नेटवर्कबाहेर परतफेड मिळेल" हे वाक्य अशा ठिकाणी गेलेल्या माणसाचं नुकसान करील. नाशिक जिल्ह्यातली त्यातली नावं नोटिशीसोबत लावा.

रेवा_म

मी याच पट्ट्यातल्या दुसऱ्या कारखान्यात आहे, आमच्याकडेही जानेवारीत बदल झाला. माझी बाळंतपणाची तारीख मे महिन्यात आहे. आमच्याही नोटिशीत "प्रसूती पूर्वीप्रमाणे" एवढंच होतं. पूर्वीच्या पॉलिसीत नऊ महिन्यांची अट नव्हती. नव्या कंपनीच्या दृष्टीने मी जानेवारीत आले, मग मला नऊ महिने थांबायला लावतील का? आमच्या एचआरला विचारलं तर म्हणाले, "काळजी करू नका." काळजी वाटतेच.

अनघा_पुणे

रेवा, "पूर्वीप्रमाणे" हा शब्द मर्यादेबद्दल आहे की अटीबद्दल, हे नोटिशीवरून कळत नाही. एचआरकडे पॉलिसीचं शेड्यूल मागा. प्रसूतीच्या ओळीसमोर नऊ महिन्यांची अट माफ केली आहे असं लिहिलेलं असेल तर तुम्हाला काही अडचण नाही. बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का आणि नाव किती दिवसांत कळवायचं हेही त्याच पानावर असतं. वृंदा, तुमच्या नोटिशीत हे आणि "आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून" ही ओळ, दोन्ही स्पष्ट लिहा. पण शेड्यूल डोळ्यांनी बघून मगच.

आता खोलीभाडं.

१ टक्का ही भाषा कामगाराला काही सांगत नाही. ३ लाखवाल्याला रोजचे ३,००० आणि ५ लाखवाल्याला ५,००० असं रुपयांत लिहा. आणि त्यात नर्सिंग धरलंय का ते बघा. बऱ्याच पॉलिसींत धरलेलं असतं. मग खोली ४,५०० ची आणि नर्सिंग ८०० असलं की माणूस मर्यादेबाहेर गेला, आणि त्याला वाटतं आपण आतच आहोत.

मर्यादेबाहेर गेल्यावर नुसता वरचा फरक भरून सुटका होत नाही. उदाहरण घेऊ. ५ लाखवाल्या सुपरवायझरच्या वडिलांचा एक गुडघा बदलायचा आहे. चार दिवस, खोली ८,००० ची. खोलीचे ३२,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर वगैरे १,२०,०००. इम्प्लांट ८०,०००. औषधं आणि तपासण्या ६०,०००. हातमोजे, नोंदणी, जेवण असल्या न मिळणाऱ्या बाबी ८,०००. एकूण ३ लाख.

तुमच्या जुन्या पॉलिसीत खोलीला मर्यादा नव्हती आणि को-पेही नव्हता असं धरते. तिथे ते ८,००० सोडून २,९२,००० मिळाले असते. नव्यात खोलीचे ५,००० प्रमाणे २०,००० मिळतील. मग ५,००० भागिले ८,००० हे प्रमाण सर्जन, भूल, थिएटरलाही लागतं, म्हणून १,२०,००० चे ७५,०००. इम्प्लांट, औषधं, तपासण्या यांना हे प्रमाण लावायचं नाही असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२० पासूनचा नियम आहे, ते १,४०,००० पूर्ण. झाले २,३५,०००. त्यातून १० टक्के को-पेचे २३,५०० गेले, हातात २,११,५००. घरून भरायचे ८८,५००.

तेच वडील ५,००० च्या खोलीत राहिले तर? खोलीचा दर्जा उतरला की हॉस्पिटलचे सर्जन-थिएटरचे दरही उतरतात. ते ९५,००० झाले असं धरू. बिल २,६३,०००, त्यातले ८,००० वजा, १० टक्के को-पे वजा, मिळाले २,२९,५००. घरून ३३,५००. खोलीचा फरक चार दिवसांचा १२,०००, आणि खिशाला बसला ५५,००० चा.

हे एक उदाहरण आकड्यांसकट नोटिशीत घाला. बाकी मजकूर कमी झाला तरी चालेल.

डॉ_सिन्नर

अनघाताईंना एक जोड. ज्या हॉस्पिटलात सगळ्या खोल्यांना सर्जरीचा दर एकच असतो तिथे हे प्रमाण लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही लावायचं नाही. पण कंपन्या सरसकट लावून टाकतात आणि पेशंट विचारत नाही. आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी एकच दर असतो, मी तसं पत्र देतो. कापलेलं बिल आलं तर हॉस्पिटलकडून असं पत्र मागायला लोकांना सांगा.

निलेश_वेल्डर

मी वृंदा मॅडमच्याच कंपनीत आहे, इथे हा धागा दिसला म्हणून लिहितो. वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, घराजवळच्या सेंटरमध्ये. आत्ता कॅशलेस आहे. भरतीची तारीख धरतात म्हणालात, त्यांची पहिली भरती तर मागच्या वर्षीची आहे. मग ते जुन्याच कंपनीत राहतील ना?

अनघा_पुणे

निलेशभाऊ, नाही राहणार. डायलिसिसला सकाळी घेतात, दुपारी सोडतात, म्हणजे प्रत्येक वेळ हा वेगळा क्लेम. ३१ मार्चपर्यंतचे जुन्या कंपनीकडे, १ एप्रिलपासूनचे नव्याकडे. तुम्हाला तीन गोष्टी बघायच्या आहेत. नव्या यादीत वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे बरोबर आहे का. नाव चुकलं की पहिल्याच प्री-ऑथला, म्हणजे कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीला, प्रश्न येतो आणि दिवस जातो. दुसरं, सेंटर नव्या नेटवर्कमध्ये आहे का. तिसरं, को-पे आता प्रत्येक वेळी १० टक्के लागेल, तो महिन्याच्या हिशेबात धरा.

वृंदा_अंबड

निलेश, बरं झालं इथे लिहिलंत. मी आज पाहिलं, तुमचं सेंटर नव्या यादीत नाही. ब्रोकरला विचारलंय. तुमच्यासारखे चालू उपचारांचे आणखी कोण आहेत ते उद्या विभागवार विचारून घेते. केमो, डायलिसिस, ठरलेली शस्त्रक्रिया, बाळंतपण, या चारांची वेगळी यादी करते.

बाकीच्यांना: शेड्यूल मागवलं. प्रसूतीची नऊ महिन्यांची अट माफ आहे, लेखी आहे. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून, पण १ एप्रिलच्या यादीत नाव असेल त्यालाच. खोलीभाड्यात नर्सिंग धरलेलं आहे. भरतीच्या तारखेचं जुन्या कंपनीकडून ईमेलवर आलं, नव्या कंपनीकडून अजून नाही. वगळलेल्यांची यादी उतरवून घेतली.

एक विचारायचं राहिलं. डिस्चार्जला उशीर झाला तर कामगारांना काय सांगू? ब्रोकर म्हणतो, तीन तासांत मंजुरी येतेच.

डॉ_सिन्नर

मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकाप्रमाणे भरतीच्या वेळच्या कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने भरायचे. पण घड्याळ सुरू होतं ते हॉस्पिटलने अंतिम कागद पाठवल्यावर. डॉक्टर राउंडला सकाळी १० ला "घरी जा" म्हणतात, उरलेली औषधं परत करून फार्मसीचं बिल बंद व्हायला दुपार होते, मग कागद जातात. हा वेळ आमच्या बाजूचा आहे, कंपनीचा नाही. नातेवाइकांनी काउंटरवर "मंजुरी कधी येणार" असं विचारण्यापेक्षा "अंतिम बिल किती वाजता पाठवलं" असं विचारावं. उत्तर "अजून नाही" असेल तर फार्मसीच्या मागे लागावं.

देशमुख६२

क्लेम नाकारला तर कुठे जायचं हेही नोटिशीत असू द्या. मला एकदा गरज पडली होती. आधी विमा कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात.

पांडुरंग_सातपूर

गट पॉलिसीतला कामगार लोकपालाकडे जाऊ शकतो? पॉलिसी तर कंपनीच्या नावावर.

अनघा_पुणे

जाऊ शकतो, गट पॉलिसीतल्या सदस्यालाही तक्रार करता येते. कंपनीने दिलेलं ई-कार्ड आणि नकाराचं पत्र जोडायचं. नकार नेहमी लेखी मागा, कारण आणि पॉलिसीच्या कलमाच्या क्रमांकासह. "वरून नाही आलं" असं काउंटरवरचं तोंडी उत्तर पुढे कुठेच चालत नाही.

वृंदा_अंबड

सगळ्यांच्या सांगण्यावरून खोलीभाड्याचा आणि तारखेचा परिच्छेद असा बदलला:

"३१ मार्च किंवा त्याआधी भरती झालेल्यांनी जुनेच कार्ड वापरावे व डिस्चार्जनंतरची बिलेही जुन्या कंपनीकडेच द्यावीत. १ एप्रिलपासून भरती होणाऱ्यांनी नवीन कार्ड वापरावे. डायलिसिस व केमोथेरपीची प्रत्येक फेरी ही वेगळी भरती समजावी. खोली व नर्सिंग मिळून रोजचे भाडे ३ लाखांच्या विम्यास ३,००० रु. व ५ लाखांच्या विम्यास ५,००० रु. यापेक्षा जास्त असल्यास केवळ भाड्याचा फरक नव्हे, तर डॉक्टर व ऑपरेशनच्या खर्चाचाही काही भाग आपणास भरावा लागेल. भरती होताना काउंटरवर 'माझ्या मर्यादेत बसणारी खोली द्या' असे सांगावे. ती शिल्लक नसल्यास तसे हॉस्पिटलकडून लिहून घ्यावे."

याखाली गुडघ्याचं उदाहरण आहे. आईवडिलांचा को-पे त्यातच दिसतो.

अनघा_पुणे

चांगलं झालंय. फक्त शेवटच्या ओळीबद्दल सावध राहा. खोली शिल्लक नव्हती असं पत्र असलं तरी कंपनी कपात माफ करीलच असं नाही. काही करतात, काही नाही. ब्रोकरला आधीच विचारा. नाहीतर लोकांना वाटेल पत्र घेतलं की पैसे मिळाले.

वृंदा_अंबड

विचारते. तोपर्यंत "पत्र घेतल्यास फेरविचारासाठी उपयोग होऊ शकतो" असं लिहिते.

निलेश_वेल्डर

सेंटरवर जाऊन आलो. ते नव्या कंपनीशी करार करायला तयार आहेत, पण म्हणाले कंपनीकडून विचारणा यायला पाहिजे. नाहीच झालं तर दर वेळी पैसे भरून फाइल द्यावी लागेल, आठवड्यातून दोनदा एवढी रक्कम माझ्याकडे फिरत नाही. त्यांनी कागदावर एक रोहिणी नंबर लिहून दिलाय, तो कशासाठी?

अनघा_पुणे

विमा कंपन्यांकडे हॉस्पिटलची ओळख त्या १३ आकडी नंबराने असते. तो, सेंटरचा पत्ता आणि वडिलांच्या डायलिसिसचं वेळापत्रक आजच वृंदाताईंना द्या. वृंदा, ब्रोकरला लिहिताना दोन मागण्या वेगवेगळ्या करा. सेंटरला नेटवर्कमध्ये घेणं, ज्याला वेळ लागतो. आणि तोपर्यंत या एका पेशंटसाठी नेटवर्कबाहेर कॅशलेस मंजूर करणं. यांची एप्रिलमधली पहिली फेरी कधी आहे ती तारीख पत्रात लिहा, आणि त्याच्या ४८ तास आधी कळवल्याची पोच ठेवा.

निलेश_वेल्डर

पहिली फेरी २ तारखेला आहे. कागद घेऊन सकाळच्या शिफ्टआधी ऑफिसला येतो मॅडम.